पांगुळगाडा तोच, जमीन बदलली

(दहा-अकरा महिन्यांच्या बाळांचे आईवडील आणि आजीआजोबा यांच्यासमोर एका बाल-फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. आज मी येताना एक पांगुळगाडा आणि एक चाकांचा लाकडी हत्ती घेऊन आले आहे. दोन्ही एकाच घरातले आहेत. त्या घरातल्या मुलीला आपण मनू म्हणू. हे तिचं खरं नाव नाही. मनू दहा महिन्यांची झाली तेव्हा तिचे आजोबा सावंतवाडीहून ही दोन्ही खेळणी घेऊन पुण्याला आले. गाडा त्यांनी गावच्या सुताराकडून मुद्दाम करून घेतला होता. मनूचे बाबा ज्या गाड्याला धरून चालायला शिकले होते, तशाच मापाचा. आणि पहिल्याच संध्याकाळी मनू त्या गाड्यासकट तोंडावर आपटली. खालचा ओठ फुटला. आजोबांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी गाडा गॅलरीत नेऊन उलटा करून ठेवला. दोन दिवसांनी मी त्या घरी गेले, तेव्हा ते मला म्हणाले, “ताई, अहो, अशाच गाड्यावर तीन मुलं चालायला शिकली आमच्याकडे. मग हिलाच काय झालं?”

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. आजचं माझं बोलणं म्हणजे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

गाडा खराब नव्हता. ज्या घरात ती तीन मुलं चालायला शिकली, तिथली जमीन शेणाने सारवलेली होती. तशा जमिनीवर लाकडी चाक सहज पळत नाही. ते घासतं, अडतं, मूल जेवढं ढकलेल तेवढंच पुढे जातं. पुण्याच्या घरात व्हिट्रिफाइड फरशी आहे, दोन फूट बाय दोन फुटांची, आरशासारखी गुळगुळीत. मी गाडा रिकामाच ठेवून बोटाने हलकेच ढकलला, तर तो तीन फरश्या पार करून, म्हणजे जवळजवळ सहा फूट जाऊन थांबला. दहा महिन्यांच्या मुलाचं एक पाऊल जेमतेम वीतभर पडतं. आधार सहा फूट पुढे निघून गेल्यावर ते मूल काय करणार? हात गाड्यावर, छाती पुढे, पाय मागे, आणि मग तोंड फरशीवर.

आता या वयात मुलाचं शरीर काय करत असतं ते आधी पाहू, कारण खेळणं निवडायचं ते त्यावरूनच.

दहाव्या महिन्याच्या आसपास बरीच मुलं दिवाणाला, सोफ्याला, भिंतीला धरून कडेकडेने सरकायला लागतात. आपण सहज म्हणतो, “आता धरून चालायला लागलंय.” पण त्या चालण्याकडे नीट पाहा. मूल पुढे जात नाही, आडवं जातं, खेकड्यासारखं. उजवा हात सरकतो, उजवा पाय सरकतो, मग डावा हात, डावा पाय. छाती दिवाणाकडे असते आणि वजनाचा मोठा भाग हातांवर असतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्याला धरलं आहे ती वस्तू जागची हलत नाही. मुलाचा सगळा भरवसा त्या न हलण्यावर असतो.

ढकलगाडीत या तिन्ही गोष्टी उलट्या होतात. तोंड पुढे करून चालायचं, एका पायावर तोल सांभाळून दुसरा उचलायचा, आणि हातातला आधार स्वतःच पुढे जाणार. म्हणून जे मूल कालपरवा दिवाणाला धरून उभं राहायला लागलं, त्याला आज चालता गाडा देऊ नये. मधे एक पायरी आहे. एका हाताने दिवाण धरून दुसरा हात मोकळा सोडता आला पाहिजे, आणि तसंच धरून खाली वाकून जमिनीवरची वस्तू उचलून पुन्हा उभं राहता आलं पाहिजे. हे दोन्ही जमलं की गाडा. तोवर गाडा फक्त उभा करून ठेवायचा, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावून, म्हणजे तो आणखी एक न हलणारा आधार होतो.

या वयाच्या बाबतीत घाई करायचं काही कारणही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद ठेवली होती, त्यात दिल्लीतली मुलंही होती. आधार न घेता चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतं, असं त्यातून दिसलं. केवढी मोठी मुभा आहे ही! शेजारचं बाळ अकराव्या महिन्यात चाललं आणि आपलं पंधराव्यात, तर दोन्ही ठीकच. मात्र आधार दिला तरी बाळ वर्षाचं होईपर्यंत पायांवर उभंच राहत नसेल, कायम एकाच पायावर भार देत असेल, किंवा अनवाणी असताना आणि आधाराची उंची बरोबर असतानाही सतत चवड्यांवरच उभं राहत असेल, तर खेळण्यांच्या दुकानात जाण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पुढे जाण्याआधी एक घोटाळा दूर करते. दुकानात “वॉकर” म्हटलं की दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे गोल कड्याची, ज्यात बाळाला मधल्या कापडी झोळीत बसवतात आणि ते पायांनी जमीन ढकलत फिरतं. दुसरी ढकलगाडी, जिच्या मागे मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं. आज मी बोलते आहे ती फक्त दुसरीबद्दल. पहिली घेऊच नका. कॅनडाने २००४ साली तिच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात तिच्यामुळे दोन लाखांहून जास्त बाळांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावं लागलं, आणि त्यातले बहुतेक अपघात जिन्यावरून पडण्याचे होते. शिवाय त्यात बसून मूल तोल सांभाळायला शिकत नाही, कारण तोल सांभाळण्याचं काम ते कडंच करतं. कोणी भेट म्हणून दिला असेल, तर संकोच न करता बाजूला ठेवा.

आता ढकलगाडीकडे येऊ. विकत घ्या, करून घ्या किंवा माळ्यावरून काढा, तीन गोष्टी पाहायच्या: ती पळते का, उलटते का, आणि तिचा दांडा कुठे येतो.

पळण्याची चाचणी सोपी आहे. घरातल्या ज्या फरशीवर ती वापरायची आहे, तिथेच ठेवा आणि हलकासा धक्का देऊन सोडा. स्वतःच्या लांबीएवढं अंतर जायच्या आत ती थांबली पाहिजे. दुकानात ही चाचणी गालिच्यावर करू नका, दुकानदाराला साध्या फरशीवर जागा मागा. काही गाड्यांना चाकाचा घट्टपणा कमीजास्त करायचा स्क्रू असतो. तसला स्क्रू असलेली गाडी मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, कारण पहिल्या महिन्यात चाक घट्ट ठेवून पुढे हळूहळू सैल करता येतं. चाकांवर रबराची पट्टी हवी. नुसतं कडक प्लास्टिकचं किंवा नुसतं लाकडाचं चाक आपल्या फरशीवर घसरतं.

मनूच्या गाड्याला यातलं काहीच नव्हतं. आम्ही काय केलं ते सांगते. स्कूटरच्या जुन्या ट्यूबमधून चाकापेक्षा थोड्या लहान घेराची वर्तुळं कापली, म्हणजे ती ताणूनच चाकावर चढतात, आणि पंक्चरवाल्याकडचं सोल्यूशन लावून बसवली. खिळे मारू नका. खिळा कधी ना कधी वर येतो. चाक आणि चौकट यांच्यामध्ये रबरी वायसर घातले आणि आसाचे नट आवळले. त्यानंतर तोच धक्का दिला, तेव्हा गाडा हातभरही गेला नाही. रबर सुटतंय का, हे दर रविवारी बोटाने ओढून पाहायचं काम आजोबांनी आपणहून घेतलं.

उलटण्याची गोष्ट जरा समजून घ्यावी लागते. गाडी दोन प्रकारे उलटते. मूल दांड्याला लोंबकळतं तेव्हा पुढचं चाक उचलतं आणि गाडी मुलाच्या अंगावर येते. किंवा वळताना ती कुशीवर पडते.

पहिल्या प्रकाराची चाचणी अशी. एका पिशवीत चार किलो तांदूळ भरा आणि ती दांड्याच्या मध्यावर अडकवा. पुढचं चाक जमिनीवरून उचललं, तर ती गाडी अजून तुमच्या बाळाच्या कामाची नाही. मनूच्या गाड्याचं चाक उचललं. का उचललं, तेही पाहू. गाडा २.६ किलोचा होता. त्याचा भार मागच्या आसाच्या साधारण १२ सेंटिमीटर पुढे पडत होता. दांड्याचे खांब मागे कललेले, त्यामुळे वरची आडवी पट्टी मागच्या आसाच्याही १० सेंटिमीटर मागे गेलेली. तराजूसारखं समजा, मागचा आस म्हणजे काटा. एका बाजूला २.६ गुणिले १२, म्हणजे ३१. दुसऱ्या बाजूला चार किलो गुणिले १०, म्हणजे ४०. चाळीसचं पारडं खाली जाणारच. मनूचं वजन तेव्हा ८.४ किलो होतं. उठताना तिने अर्धा भार जरी दांड्यावर टाकला, तरी गाडा तिच्या अंगावर आला असता.

यावरचा सरळ उपाय म्हणजे पुढे वजन ठेवणं. आजोबांनी तेच केलं. तीन किलो तांदळाची थैली पुढच्या चाकाच्या बरोबर वर बांधली. मागे उलटणं लगेच थांबलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की आता गाडा वळताना कुशीवर पडतोय. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण तीन चाकांच्या गाड्यात ही चूक बहुतेक सगळ्यांकडून होते. पांगुळगाड्याला मागे दोन आणि पुढे एक चाक असतं, म्हणजे जमिनीवर त्याची बैठक त्रिकोणी. जसजसं पुढे जाल तसतसा त्रिकोण निमुळता होतो. पुढच्या चाकावर ठेवलेलं वजन त्या टोकावर उभं असतं, त्याला डावीउजवीकडे पाय टेकायला जागाच नाही. म्हणून तीनचाकी गाड्यात वजन पुढे टोकावर नको आणि अगदी मागेही नको. मागच्या आसापासून वीतभराच्या आतच, शक्य तितकं खाली, जमिनीजवळ हवं. आम्ही थैली मागच्या आसाच्या १० सेंटिमीटर पुढे, खालच्या फळीवर आणली आणि सुती पट्टीने दोन ठिकाणी घट्ट बांधली. चार चाकांची गाडी असेल तर हा प्रश्न बराच हलका होतो, तिथे वजन पुढे ठेवलं तरी चालतं. नवीनच घेणार असाल तर चारचाकी आणि पसरट घ्या, असंच मी सांगेन. पांगुळगाड्याशी आपली माया जडलेली असते हे मला कळतं, आणि तो योग्य रीतीने सुधारता येतो हेही मी पाहिलं आहे. पण तो सुधारावा लागतो.

तांदळाची थैलीच का, असं कोणी विचारेल. दगड किंवा वीट ठेवू नका, गाडा उलटलाच तर ती पायावर पडते. पाण्याच्या बाटल्या घरंगळतात. तांदळाची किंवा वाळूची शिवलेली थैली जागेवर बसते आणि टोचत नाही. शिवण दुहेरी घाला, म्हणजे दाणे सांडून तोंडात जाणार नाहीत.

आता तिसरी गोष्ट, दांडा. मुलाला सपाट जमिनीवर अनवाणी उभं करा. दांडा बेंबी आणि छाती यांच्या मधे आला पाहिजे आणि धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. मनू ७१ सेंटिमीटर उंच होती आणि गाड्याचा दांडा ५२ सेंटिमीटरवर, म्हणजे जवळजवळ तिच्या खांद्याशी. तो धरायला ती चवड्यांवर उभी राहायची. आईला वाटलं होतं की चवड्यांवर चालण्याची तिची सवयच आहे. सवय नव्हती, दांडा उंच होता. दांडा फार खाली असेल तर उलट होतं. मूल कमरेत वाकतं, पाय मागे राहतात आणि ते जवळजवळ धावत सुटतं. ही दोन चित्रं लक्षात ठेवा: चवड्यांवर उभं म्हणजे दांडा उंच, आणि छाती पुढे-पाय मागे म्हणजे दांडा खाली किंवा गाडी फार पळतेय.

सुताराने आडवी पट्टी ५२ वरून ४३ सेंटिमीटरवर आणली. यात एक फायदा आपोआप झाला. खांब मागे कललेले असल्यामुळे पट्टी खाली आल्यावर ती पुढेही आली, आसाच्या १० ऐवजी फक्त ७ सेंटिमीटर मागे राहिली. आता तोच तराजू पुन्हा मांडा. गाड्याचे ३१ अधिक तांदळाचे तीन गुणिले दहा, म्हणजे ३०, एकूण ६१. समोर मनूचं सगळंच्या सगळं वजन दांड्यावर लोंबकळलं तरी ८.४ गुणिले ७, म्हणजे ५९. गाडा थोडक्यात का होईना, जमिनीवर राहतो. आणि कोणतंही मूल उठताना सगळं वजन हातांवर टाकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात बरीच मोकळीक राहते.

तरीसुद्धा जमिनीवरून उठण्यासाठी गाडा वापरू देऊ नका. चाकाची वस्तू ओढली की ती उलटली नाही तरी मुलाकडे सरकते आणि मूल मागे पडतं. उठायचं दिवाणाला धरून. गाडा दिवाणाला काटकोनात, भिंतीला टेकवून उभा ठेवा. मूल दिवाणाच्या कडेने सरकत येईल, एक हात गाड्यावर ठेवेल, मग दुसरा. या क्षणी तुम्ही मागे बसलेले असा. हात मुलाच्या कमरेपाशी ठेवा, पण धरू नका, आणि काखेत हात घालून उचलू तर मुळीच नका. पाय अनवाणी हवेत. मोजे घातले की फरशी दुप्पट निसरडी होते. मोरीच्या, स्वयंपाकघराच्या आणि जिन्याच्या वाटा बंद करा आणि उंबरठा असलेल्या खोलीत गाडा नेऊ नका, कारण पुढचं चाक उंबरठ्याला अडलं की मूल दांड्यावरून पुढे जातं. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बाकीचा दिवस रांगणं, चढणं, दिवाण धरून सरकणं, हे सगळं चालू राहू द्या.

पडणं थांबणार नाही, हेही सांगून ठेवते. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधक कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली १२ ते १९ महिन्यांच्या मुलांच्या खेळण्याचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. मोकळं खेळताना ती मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. स्वतःच्या पायांवरून मूल बुडावर बसतं किंवा हात टेकतं, त्यातून फारसं लागत नाही. गाड्याबरोबर पडताना मात्र हात दांड्यात गुंतलेले असतात, तोंड वाचवायला ते मोकळे नसतात. मनूचा ओठ त्यामुळेच फुटला.

आता हत्तीकडे येऊ. दोरीने ओढायच्या खेळण्यांबद्दल पालकांचा सर्वसाधारण समज असा की मूल चालायला लागलं की ते खेळणं मागे ओढत फिरेल. फिरेल, पण आत्ता नाही. मागे ओढत चालायचं म्हणजे एक हात कायम मागे, मान अधूनमधून मागे, आणि पाय पुढे. हे स्वतंत्र चालणं चांगलं पक्कं झाल्यावर, साधारण दीड वर्षानंतर जमतं. धरून चालणाऱ्या मुलाचे तर दोन्ही हात कामात असतात.

मग दहाव्या महिन्यात या खेळण्याचा उपयोग काय? खूप आहे. याच सुमाराला मुलाला कळायला लागतं की दोरी ओढली की पलीकडची वस्तू आपल्याकडे येते. हे कळण्यात त्याला केवढा आनंद असतो, ते घरी करून पाहा. मूल बसलेलं असताना हत्ती हातभर लांब ठेवा आणि दोरीचं टोक त्याच्या गुडघ्याशी ठेवा. आधी ते हत्तीकडे हात करेल, मग दोरी हातात येईल, हत्ती हलेल, आणि ते तुमच्याकडे पाहील.

यानंतर मी मनूच्या आईला जे करायला सांगितलं ते इथेही सांगते. माझ्या मते आज घरी नेण्यासारखी हीच गोष्ट सगळ्यात मोठी. हत्ती जमिनीवर न ठेवता दिवाणावर ठेवा. मूल दिवाणाला धरून उभं आहे, हत्ती थोडा आत, भिंतीकडे, आणि दोरीचं टोक त्याच्या हाताशी. दोरी ओढायची तर एक हात सोडावाच लागतो. मूल हात सोडतं, ओढतं, हत्ती येतो. तेवढा वेळ ते एका हाताच्या आधारावर, दोन पायांवर उभं असतं. गाडा देण्याआधीची जी पायरी मी मघाशी सांगितली, ती अशी खेळता खेळता पार होते. पुढच्या वेळी हत्ती जरा उजवीकडे ठेवा, की मूल दोन पावलं सरकून जाईल. मनूच्या बाबतीत आम्ही गाडा बारा दिवस बांधून ठेवला आणि हे एवढंच केलं.

ओढायचं खेळणं निवडताना पहिली नजर दोरीकडे. हत्तीची दोरी ९० सेंटिमीटरची होती, टोकाला बोराएवढा लाकडी मणी. ही दोरी गळ्याभोवती सहज गुंडाळली जाते आणि मणी अडकून फास पक्का होतो. आम्ही ती वीतभर ठेवून बाकीची कापून टाकली. दीड वर्षाखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी मानकांमध्ये २२ सेंटिमीटरची मर्यादा येते, म्हणजे जवळपास आपली वीतच. पातळ नायलॉन काढून जाड सुती नाडी लावली आणि मण्याच्या जागी नुसती मोठी गाठ मारली. एवढ्या आखूड दोरीने मागे ओढत चालता येत नाही, बरोबर आहे, पण आत्ता ते करायचंही नाही. खेळून झालं की दोरीचं खेळणं उचलून ठेवा. पाळण्यात किंवा झोपायच्या जागी ते कधीही नको.

मग पाहायचा तो त्याचा घाट. हत्ती पसरट हवा, दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर त्याच्या उंचीपेक्षा कमी नको, आणि चाकं अंगाच्या बाहेर हवीत. दोरी बांधायची जागा खाली, आसाच्या पातळीवर हवी. मनूच्या हत्तीची दोरी सोंडेला बांधलेली होती. चादरीच्या घडीला चाक अडलं की हत्ती सोंडेवर आपटायचा आणि ती रडायची. सुताराने दोन्ही पुढच्या चाकांमधल्या फळीला आरपार भोक पाडून नाडी तिथून ओवली आणि आतून गाठ मारली. हत्ती पडायचा थांबला. अजून एक. खेळणं उंचीला वीतभराच्या आतच असू द्या. गुडघ्याहून उंच चाकाचा घोडा समोर आला, तर धरून चालणारं मूल त्यालाच धरून उठणार, आणि तो सरकणार.

लहान भागांसाठी घरीच कागदाची चार सेंटिमीटर रुंदीची नळी करा. मानकातली नळी ३१.७ मिलिमीटरची असते, आपली थोडी मोठी, म्हणजे जास्त सावध. चाकाची टोपी, डोळा, कान, घंटा, जे काही ओढून निघतं आणि या नळीतून जातं, ते या वयाला चालत नाही. चाक आणि अंग यांच्यामधली फट पाच मिलिमीटरपेक्षा कमी हवी किंवा बारापेक्षा जास्त. मधल्या फटीत बाळाचं बोट जातं आणि अडकतं. तुमची करंगळी सैल जाते का, ते पाहा. जात असेल तर ठीक. करंगळी जात नाही पण पेन्सिल जाते, ती फट वाईट.

रंगाचं थोडक्यात सांगते. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या किंवा चन्नपट्टणाच्या खेळण्यावर चिन्ह नसणं म्हणजे फसवणूक नव्हे. पण मग रंग कोणता, हे कारागिराला विचारणं आपलं काम. लाखेचा असेल तर उत्तम. ऑइलपेंट असेल तर डब्यावर ९० पीपीएमपेक्षा कमी शिसं असं लिहिलेलं आहे का, ते विचारा. लाखेचं खेळणं गरम पाण्यात घालू नका, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. जुन्या, पोपडे निघालेल्या रंगाचं खेळणं कितीही आठवणीतलं असलं तरी शोकेसमध्ये ठेवा. नुसतं घासूनही देऊ नका, कारण घासताना उडणारी धूळच जास्त वाईट.

कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, “आमची मुलगी गाडा सोडून प्लास्टिकची खुर्चीच ढकलत फिरते, चालेल का?” चालेल, आणि तिची निवड वाईट नाही. खुर्चीला चाकं नसतात, ती घासत सरकते, म्हणजे सारवलेल्या जमिनीवरच्या गाड्यासारखीच चालते. फक्त ती हलकी असते. बसायच्या जागेवर तीन-चार किलोची थैली बांधा, पाय समान आहेत का ते पाहा, आणि तिला धरून खालून उठू देऊ नका. ज्यांना यंदा गाडा घेणं जमणार नाही, त्यांनी हेच करावं.

मनूचं पुढे काय झालं? बाराव्या दिवशी ती हत्ती ओढताना एका हातावर आरामात उभी राहायला लागली, तेव्हा गाड्याचे गुटके काढले. पहिले तीन दिवस ती दोन-तीन पावलं टाकून थांबायची आणि आजोबांकडे बघायची. महिन्याभराने आम्ही थैलीतला एक किलो तांदूळ कमी केला आणि नट थोडे सैल केले. साडेबाराव्या महिन्यात एका दुपारी ती दिवाणापासून गाड्यापर्यंतची चार पावलं काहीही न धरता चालली. दोन्ही हातांत हत्ती होता, तो ठेवायचं तिच्या मनातच आलं नाही. गाडा त्या घरात अजून आहे. आता ती त्यात हत्ती, चमचे आणि आजोबांचा चष्मा भरून या खोलीतून त्या खोलीत नेते, आणि दीड वर्षाची झाल्यावर हत्तीची नाडी थोडी लांब करायची का, हे ठरवायला आजोबा मला पुन्हा बोलावणार आहेत.